आकड्याची सचोटी आणि व्यवहाराची सचोटी

जुगाराच्या धंद्याने गेल्या दशकात एक नवा दावा पुढे आणला आहे. पूर्वी अड्ड्याचा मालक गिऱ्हाइकाला सांगत असे, ‘विश्वास ठेवा.’ आता तो म्हणतो, ‘विश्वास ठेवू नका, स्वतः तपासून पाहा.’ इंग्रजीत ‘प्रोव्हेबली फेअर’ असे बिरूद मिरवणाऱ्या या दाव्याचा अर्थ इतकाच, की प्रत्येक डावाचा निकाल खरा होता की नाही हे खेळणारा गणिताने पडताळू शकतो. हा दावा सरसकट खोटा नाही, आणि म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे. निखळ थाप ओळखणे सोपे असते. अर्धे सत्य पूर्ण सत्याच्या भावाने विकले जाते तेव्हा ते ओळखायला श्रम पडतात.

ज्या खेळांबरोबर हा दावा सर्वाधिक ऐकू येतो ते ‘क्रॅश’ या प्रकारातले खेळ होत. २०१४ साली बिटकॉइन या चलनावर चालणारा ‘मनीपॉट’ नावाचा खेळ निघाला आणि तोच पुढे ‘बस्टाबिट’ या नावाने ओळखला जाऊ लागला. नंतर निघालेल्या बहुतेक खेळांचा साचा हाच आहे. खेळाची रीत अगदी साधी. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपली रक्कम लावायची. डाव सुरू झाला की पडद्यावर एक आकडा १.०० पासून चढू लागतो : १.१०, १.५०, २.००, आणि पुढे. चढत्या आकड्याच्या कोणत्याही क्षणी बटण दाबले, की त्या क्षणीच्या आकड्याइतके पट पैसे हाती येतात. परंतु आकडा कधीतरी अकस्मात फुटतो. त्यापूर्वी बटण दाबले नसेल, तर लावलेली सगळी रक्कम बुडते. बस्टाबिटमध्ये दोन पटीपर्यंत पोचायला साधारण साडेअकरा सेकंद लागतात. सारा मोह आणि सारी भीती त्या साडेअकरा सेकंदांत कोंबलेली असते.

आता खेळणाऱ्याच्या मनात पहिली शंका कोणती यावी? मालकाला सगळ्यांनी लावलेल्या रकमा दिसत असतात. एखाद्याने मोठी रक्कम लावली, की त्याच डावात आकडा १.०५ वर फोडायचा, असे त्याने केले तर कोणाला कळणार? ही शंका रास्त आहे, आणि पडताळणीची सारी यंत्रणा या एका शंकेचे उत्तर देण्यासाठी उभी राहिली आहे.

या यंत्रणेचा पाया म्हणजे ‘हॅश’. हॅश हा मजकुराचा ठसा होय. एसएचए-२५६ या प्रमाणित पद्धतीने कोणत्याही मजकुराचा, मग तो तीन अक्षरांचा असो की तीनशे पानांचा, ठरावीक लांबीचा ठसा काढता येतो. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. मजकुरावरून ठसा काढणे क्षणाचे काम. उलट, ठशावरून मूळ मजकूर शोधून काढण्याचा व्यवहार्य मार्ग आजवर कोणाला सापडलेला नाही. एका दिशेने उघडणारे हे दार आहे.

या एकदिशा दाराचा उपयोग मालक असा करतो. तो प्रथम एक गुप्त संख्या निवडतो आणि तिचा ठसा काढतो. मग त्या ठशाचा ठसा, त्याचा पुन्हा ठसा, असे करीत लांबच लांब साखळी तयार करतो. बस्टाबिटच्या साखळीत एक कोटी दुवे होते. या साखळीचा सर्वांत शेवटचा दुवा खेळ सुरू होण्यापूर्वीच जाहीर केला जातो. नंतरचे डाव मात्र उलट क्रमाने खेळले जातात, म्हणजे शेवटून सुरुवातीकडे. प्रत्येक डाव संपला की त्या डावाचा दुवा उघड होतो. तो हाती आल्यावर कोणीही त्याचा ठसा काढावा. तो आदल्या डावाच्या दुव्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. जुळला, तर हा दुवा साखळीत पूर्वीपासून होता हे सिद्ध झाले. मालकाला मधेच एखादा सोयीचा दुवा घुसवता येत नाही, कारण त्याचा ठसा मागच्याशी जुळणार नाही, आणि जुळेल असा दुसरा दुवा शोधणे म्हणजे ते दार उलट्या बाजूने उघडणे होय.

तरीही एक पळवाट उरते. मालकाने आरंभीच हजार साखळ्या तयार केल्या आणि त्यांपैकी जिच्यात सुरुवातीचे डाव त्याला फायद्याचे जातात तीच जाहीर केली तर? ही पळवाट बुजवण्यासाठी एक बाहेरची संख्या आणली जाते. तिला ‘सॉल्ट’ म्हणतात. आधी साखळीचा शेवटचा दुवा जाहीर करायचा. त्याच वेळी सांगायचे, की बिटकॉइनच्या जगद्व्यापी खातेवहीत पुढे अमुक क्रमांकाचे पान लिहिले जाईल त्या पानाचा हॅश आम्ही सॉल्ट म्हणून वापरू. ते पान अजून जन्मालाच आलेले नसते. साखळी बांधताना मालकाला सॉल्ट ठाऊक नव्हता, म्हणून निकालही ठाऊक नव्हते.

मुंबईच्या गिरणगावातील जुन्या माणसांना ही युक्ती अपरिचित वाटू नये. मटका या नावाने पुढे कुप्रसिद्ध झालेला जुगार प्रारंभी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर चालत असे. त्या भावांवर मुंबईतल्या कोणत्याही बुकीचा ताबा नव्हता, आणि नेमके तेच गिरणी कामगाराच्या विश्वासाचे कारण होते. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते भाव येणे थांबले, तेव्हा चिठ्ठ्या आणि पत्ते आले, आणि आकडा चारचौघांसमोर काढण्याची प्रथा पडली. दूरच्या बाजारातला कापसाचा भाव आणि बिटकॉइनच्या पानाचा हॅश, दोहोंचे काम एकच : आकडा मालकाच्या मुठीबाहेर ठेवणे. तंत्र बदलले, गिऱ्हाइकाला पटवायची गोष्ट साठ वर्षांत तसूभरही बदललेली नाही.

डावाचा दुवा आणि सॉल्ट यांच्या संयोगातून आणखी एक हॅश काढला जातो आणि त्यावरून डाव कोठे फुटणार हे ठरते. त्या हॅशची पहिली तेरा चिन्हे घ्यायची. ही चिन्हे सोळाच्या पायावरची असतात, म्हणजे ० ते ९ आणि त्यापुढे रोमन a ते f. त्यांची होणारी संख्या r मानली, तर बस्टाबिटचे सूत्र असे आहे :

```
X = r / 2^52
result = max(1, floor(99 / (1 - X)) / 100)
```

उदाहरण म्हणून, डावाच्या हॅशच्या जागी एक सर्वांना तपासता येईल असा हॅश घेऊ. एसएचए-२५६ च्या प्रमाणग्रंथात ‘abc’ या तीन अक्षरांचा ठसा नमुना म्हणून दिलेला आहे, आणि `printf abc | sha256sum` ही आज्ञा देऊन तो लिनक्सच्या कोणत्याही संगणकावर काढता येतो. त्याची पहिली तेरा चिन्हे `ba7816bf8f01c` अशी आहेत. त्यांवरून X येतो ०.७२८४ च्या जवळपास. १ मधून तो वजा केला की उरतात ०.२७१६. ९९ ला त्याने भागले की ३६४.४९ येतात, अपूर्णांक टाकून शंभराने भागले की ३.६४. म्हणजे असा हॅश आला असता तर तो डाव ३.६४ वर फुटला असता. ज्याने ३.५० वर बटण दाबले त्याला साडेतीन पट मिळाले असते. जो चारची वाट पाहत बसला त्याचे सारे गेले असते. हे गणित शाळकरी मुलाच्या आवाक्यातले आहे. पथ्य एकच पाळायचे : ते मालकाच्याच संकेतस्थळावरील ‘तपासा’ या बटणाने करू नये, स्वतंत्रपणे करावे. आरोपीनेच स्वतःचा पंचनामा लिहिण्यात काही अर्थ नसतो.

एवढे सगळे जुळले म्हणजे काय सिद्ध झाले? एकच गोष्ट, पण ती पक्की. हा डाव कोठे फुटणार हे कोणी किती रक्कम लावली हे कळण्यापूर्वीच ठरलेले होते आणि नंतर ते बदलले गेले नाही. पहिल्या शंकेचे पूर्ण निरसन झाले. याच सिद्धतेतून आणखी एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. अशा खेळांचा पुढचा आकडा आधी सांगणारी ‘प्रेडिक्टर’ नावाची अॅप्स आणि टेलिग्रामवरच्या टोळ्या पैसे घेऊन सल्ले विकतात. मागच्या डावांचे दुवे पाहून पुढचा दुवा काढणे म्हणजे तेच एकदिशा दार उलटे उघडणे. ज्याला ते जमले असते त्याने पाचशे रुपयांना सल्ला विकला नसता. जेथे साखळी खरी आहे तेथे असा विक्रेता लबाड आहे, हे पडताळणी निर्विवादपणे सांगते.

परंतु गिऱ्हाइकाचे नुकसान या पहिल्या शंकेत नव्हतेच. ते त्या सूत्रातल्या ‘९९’ या आकड्यात आहे, आणि तो आकडा कोणी लपवलेला नाही. तेथे १०० असते तर व्यवहार बरोबरीचा झाला असता. ९९ मुळे असे होते, की शंभर डावांपैकी सरासरीने साडेएकोणपन्नास दोन पटीपर्यंत पोचतात, ९.९ दहा पटीपर्यंत. आणि शंभर पटीपर्यंत एकाहून किंचित कमी. दर डावाला एक रुपया लावणाऱ्याने कोणताही थांबा धरला, तरी शंभर रुपयांचे सरासरीने नव्व्याण्णव परत येतात. लवकर बटण दाबणारा सावध आणि थांबून राहणारा धाडसी, दोघांचे नशीब निरनिराळ्या हेलकाव्यांनी जाते, पण उतार तोच. कौशल्याला येथे जागाच नाही. पडताळणी जितकी काटेकोर, तितकी या एका टक्क्याच्या तोट्याची हमी काटेकोर.

‘एक टक्का म्हणजे किती थोडा!’ असे कोणी म्हणेल, आणि धंद्याचे समर्थक तसे म्हणतातही. मटक्यात एकेरी आकडा लागण्याची शक्यता दहात एक, आणि लागला तर रुपयाला नऊ रुपये, असा साधारण भाव असे. म्हणजे कापूस बाजाराचा आकडा कितीही सचोटीचा असला तरी रुपयामागे दहा पैसे बुकीचे. त्या मानाने हा नवा धंदा दसपट स्वस्त दिसतो. पण अर्थशास्त्राचा साधा विद्यार्थीही विचारील : टक्का कशावर? टक्का दर उलाढालीवर असतो आणि उलाढाल वेगावर अवलंबून असते. मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा येई, एक उघडताना, एक बंद होताना. दोन्ही वेळा दहा रुपये लावणाऱ्याची उलाढाल वीस रुपये आणि सरासरी तोटा दोन रुपये. क्रॅशचे डाव मिनिटाला दोन तरी होतात. रात्री तीन तास बसून दर डावाला तेच दहा रुपये लावणारा ३६० डाव खेळतो. त्याची उलाढाल ३,६०० रुपये होते आणि एक टक्क्याने सरासरी तोटा ३६ रुपये, म्हणजे मटक्याच्या अठरा पट. भारतात ज्याच्या जाहिराती घराघरांत पोचल्या त्या ‘एव्हिएटर’ या खेळात परतावा ९७ टक्के असल्याचे त्याचे कर्तेच सांगतात. त्या हिशेबाने तोटा १०८ रुपये. शिवाय हा सरासरीचा हिशेब झाला. बुडालेले भरून काढण्यासाठी रक्कम दुप्पट करणाऱ्याची उलाढाल कोठल्या कोठे जाते. किंमत उघडपणे लिहिलेली आहे. वेग मात्र कोणी किमतीत धरत नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे आणि तिची चर्चा फारच कमी होते. साखळी उलट क्रमाने खेळली जाते याचाच अर्थ असा, की तिचा आरंभ ज्याच्या हाती आहे त्याला सॉल्ट जाहीर होताच पुढच्या लाखो डावांचे निकाल काढता येतात. पडताळणी सांगते की निकाल आधी ठरलेला होता. तो आधी कोणाला ठाऊक होता, हे ती सांगत नाही. ज्या खेळात गिऱ्हाइकाचा सामना केवळ मालकाच्या तिजोरीशी असतो तेथे या ज्ञानाने गिऱ्हाइकाची शक्यता बदलत नाही. निकाल तोच राहतो. पण बस्टाबिटसारख्या ठिकाणी बाहेरच्या लोकांनाही तिजोरीत पैसे घालून नफ्यातोट्यात वाटेकरी होता येते. तेथे एखाद्या आतल्या माणसाने परक्या नावाने खेळून नेमके मोठे डाव साधले, तर वाटेकऱ्यांची तिजोरी रिकामी होईल आणि साखळीतला प्रत्येक दुवा तरीही निर्दोष जुळेल. तपासणाऱ्याला दिसेल तो फक्त एक भाग्यवान खेळाडू. असे कोठे घडले असा आरोप येथे नाही. पडताळणीने ते दिसणार नाही, एवढाच मुद्दा. नशीब अस्वाभाविक आहे की नाही हे ओळखायचे तर त्या खेळाडूचे शेकडो डाव शक्यतेच्या गणिताशी ताडून पाहावे लागतील, आणि ते काम हॅशचे नव्हे.

मग बटणाचे काय? खेळणाऱ्याने २.१० वर बटण दाबले आणि डाव २.१२ वर फुटला. संदेश सर्व्हरपर्यंत पोचायला अर्धा सेकंद लागला तर तो हरला. तो संदेश केव्हा पोचला याची नोंद मालकाच्या यंत्रात असते, साखळीत नसते. हॅश फक्त २.१२ खरे होते इतकेच सांगतो. आधीच थांबा ठरवून ठेवण्याची सोय असेल तर हा वाद टळतो, पण ज्या थराराच्या बळावर हा धंदा चालतो तो बटणावरच्या बोटात असतो. तीच गोष्ट पैसे मिळण्याची. जिंकलेली रक्कम खात्यात दिसणे आणि ती हातात पडणे यांत अंतर आहे, आणि खाते गोठवणाऱ्या मालकापुढे निर्दोष हॅश घेऊन उभे राहण्यात काही हशील नाही.

एव्हिएटरची रीत बस्टाबिटहून थोडी निराळी आहे. तेथे एका डावाचा निकाल सर्व्हरची गुप्त संख्या आणि त्या डावात सर्वांत आधी पैसे लावणाऱ्या तिघांच्या संख्या एकत्र करून, एसएचए-५१२ या पद्धतीने काढला जातो. सर्व्हरच्या संख्येचा ठसा आधी दाखवलेला असतो. दिसायला ही रचना अधिक लोकशाहीची वाटते. निकालात खेळणाऱ्यांचाही वाटा! पण बाहेरून येणारी संख्या खरोखर बाहेरून आली असेल तरच तिला अर्थ असतो. ते पहिले तीन खेळाडू कोण, हे इतरांना नावापलीकडे कळत नाही. ते मालकाचेच बसवलेले असतील, तर गुप्त संख्या हाती असलेल्या मालकाला तिघांच्या संख्या सोयीने निवडून निकालही निवडता येईल, आणि नंतरचा तपास सारे बरोबर असल्याचे सांगेल. स्वतः त्या तिघांत असलेल्याला काही हमी मिळते. उरलेल्या हजारोंना ती मिळत नाही. न्यूयॉर्कच्या कापसाचा भाव या कसोटीला अधिक उतरला असता.

याहून वाईट स्थिती नकली खेळांची. एव्हिएटरसारखा पडदा रंगवणारे अॅप तयार करणे फारसे कठीण नाही, आणि त्यात ‘प्रोव्हेबली फेअर’ हे दोन शब्द आणि चौसष्ट चिन्हांची एखादी ओळ छापणे त्याहून सोपे. ओळखण्याची खूण आधी-नंतरच्या क्रमात आहे. पैसे लावण्यापूर्वी ठसा दाखवला होता का? तो खेळणाऱ्याने तेव्हाच उतरवून ठेवला होता का? नंतर उघड केलेल्या संख्येतून तोच ठसा निघतो का? यांपैकी एकही दुवा निखळला तर उरलेल्या चिन्हांची किंमत शून्य. ही तसदी किती जण घेत असतील याचा अंदाज करणे अवघड नाही. तपासता येणे आणि तपासले जाणे यांतल्या दरीवरच दाव्याचा बाजारभाव टिकून आहे.

मटका १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होता. त्या कायद्याने अड्ड्यावर धाड घालता येत असे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांना होणाऱ्या बँकव्यवहारांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्यात अप्रस्तुत ठरवला आहे, आणि आकडा पडताळता येतो की नाही याला तर कायद्याच्या दृष्टीने काही स्थानच नाही. परंतु सर्व्हर परदेशी, चलन बिटकॉइन आणि अड्डा प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये असताना धाड घालायची कोठे, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या कलमांपेक्षा पैशाच्या वाटा अडवण्यात शोधावे लागेल. बँका आणि यूपीआयची खाती या वाटा सरकारच्या नजरेच्या टप्प्यात आहेत. भाड्याने घेतलेल्या परक्या नावांच्या खात्यांतून जाणारा पैसा तेवढा सहज दिसत नाही, आणि ज्यांच्या नावावर ती खाती आहेत ते बहुधा दोन-चार हजारांसाठी पासबुक देणारे बेकार तरुण असतात. पोलिसांच्या हाती प्रथम लागतात तेही तेच.